विकून झालेल्या कुलपातला बदल

पुण्यात बाणेर, बालेवाडी, वाकडकडच्या कितीतरी नव्या इमारतींत फ्लॅटच्या मुख्य दारावर बिल्डरनेच बसवून दिलेलं स्मार्ट कुलूप असतं. बोटाचा ठसा, सहा आकडी पिन, मोबाइलवरचं ॲप आणि झाकणाखाली लपवलेलं साध्या चावीचं भोक. अख्ख्या इमारतीत एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं, कारण माल घाऊक उचललेला असतो. अशा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून सूचना येते: ‘सर्व सभासदांनी रविवारपर्यंत कुलपाचे ॲप अपडेट करून घ्यावे, जेणेकरून कुलपातील सुरक्षा त्रुटी दूर होईल.’ सूचना लिहिणाऱ्या सेक्रेटरींचा हेतू चांगला असतो, शुद्धलेखनही बरं असतं. पण पहिलं केलं की दुसरं होतंच असं नाही. ॲप फोनमध्ये आहे, त्रुटी कुलपात आहे आणि कुलपातला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, फोनवरचं ॲप बदलल्याने आपोआप बदलत नाही.

मग मीटिंगमध्ये एखादे काका विचारतातच, “अहो, ॲप तर मी कालच अपडेट केलं. आता ते उघडलं तर पुन्हा ‘डिव्हाइस अपडेट’ मागतंय. एकदाच काय ते करत का नाहीत?” सेक्रेटरी म्हणतात, “काका, मागतंय तर देऊन टाका. हो म्हणा आणि सोडा.”

‘हो म्हणा आणि सोडा’ हे ॲपच्या बाबतीत बहुतेक वेळा चालून जातं. फर्मवेअरच्या बाबतीत चालत नाही, आणि तरीही दोन्हींना आपण एकच बटण, एकच भाषा आणि एकच बेफिकिरी लावतो. माझं म्हणणं असं की फर्मवेअर अपडेट म्हणजे विकून झालेल्या वस्तूत विकणाऱ्याने नंतर केलेला बदल आहे. त्याला वस्तूचेच नियम लागले पाहिजेत. विशेषतः सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी वैशिष्ट्यं एकाच गाठोड्यात बांधून पाठवणं कायद्याने थांबवायला हवं. उपकरणांच्या आतले प्रोग्रॅम लिहिण्याच्या, म्हणजे एम्बेडेड क्षेत्रात बरीच वर्षं काढल्यावर हे मत झालं आहे, आणि त्याचं मुख्य कारण ग्राहकहक्कांपेक्षा चिपवरच्या जागेच्या हिशेबात आहे. तो हिशेब आधी मांडतो.

फोनवर ॲप अपडेट होतं तेव्हा त्याच्या खाली अँड्रॉइड किंवा आयओएस शाबूत उभं असतं. नवी फाइल आधी वेगळ्या जागी पूर्ण उतरते, तिच्यावरची डिजिटल सही तपासली जाते, मग जुनीच्या जागी नवी लागते. मधेच बॅटरी संपली तर जुनं ॲप तसंच राहतं. नवं ॲप बिघडलेलं निघालं तर ते बंद पडतं, फोन बंद पडत नाही. तुम्ही ते काढून टाकता, पुन्हा टाकता, फार तर दोन शिव्या देता. चूक झाली तर सावरायला खाली कुणीतरी आहे, हा ॲपचा मोठा आधार.

कुलपात तसं खाली फारसं कुणी नसतं. मोटर फिरवणारा, पिन जुळवणारा, ब्लूटूथवर फोनशी बोलणारा प्रोग्रॅम हाच तिथला सगळा कारभार. त्याच्याखाली बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याचं काम एवढंच, की वीज आल्यावर मुख्य प्रोग्रॅम धड आहे का ते बघायचं, असेल तर चालू करायचं, नसेल तर नव्याची वाट बघत बसायचं. म्हणजे फर्मवेअर बदलणं हे उभ्या जागची फरशी उखडून नवी बसवण्यासारखं आहे, आणि पाय टेकायला बाजूला जागा किती आहे यावर सगळं अवलंबून.

आता ती जागा मोजू. बॅटरीवर चालणाऱ्या ब्लूटूथ उपकरणांत नॉर्डिक कंपनीची एनआरएफ५२८३२ ही चिप वर्षानुवर्षं वापरली गेली आहे. तिच्यात फ्लॅश मेमरी ५१२ केबी. गाणी-फोटोंच्या हिशेबात ही जागा हास्यास्पद वाटेल, पण कुलपाला पुरते. यातली १५२ केबी ब्लूटूथ चालवणारा चिप कंपनीचा तयार भाग घेतो. बूटलोडर आणि त्याच्या नोंदींना मिळून साधारण ३२ केबी. घरातल्यांचे पिन, कोण कधी आलं-गेलं याची नोंद वगैरेंसाठी ८ केबी धरू. उरले ३२० केबी. कुलूप बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्रॅम या ३२० मध्ये बसवायचा.

अपडेट सुरक्षितपणे करायचं तर नवा प्रोग्रॅम पूर्ण उतरेपर्यंत जुना जागेवर राहायला हवा. म्हणजे दोन्हींना मिळून ३२० केबी. सोप्या हिशेबाने, कंपनीचा प्रोग्रॅम १६० केबीच्या आत राहिला तोवर दोन प्रती मावतात. या पद्धतीला ड्युअल बँक म्हणतात. नवी प्रत मोकळ्या जागेत उतरते, बूटलोडर तिचा पडताळणीचा आकडा आणि सही तपासतो, सगळं जुळलं तरच ती जुनीच्या जागी कॉपी करतो. उतरताना फोन दूर गेला किंवा कुलपातले सेल मान टाकू लागले तर काही बिघडत नाही. कुलूप जुन्या प्रोग्रॅमवर उघडतं.

प्रोग्रॅम १६० केबीच्या वर गेला की हे गणित मोडतं. मग सिंगल बँक. नवं ठेवायला जागा नाही, म्हणून बूटलोडर आधी जुना प्रोग्रॅम रद्द ठरवतो आणि त्याच्याच जागेवर ४ केबीच्या पानापानाने पुसत नवा लिहितो. (फ्लॅशवर खोडून वरच्यावर लिहिता येत नाही, आधी पूर्ण पान पुसावंच लागतं.) ब्लूटूथवरून एवढी फाइल जायला मिनिटभर ते काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ दारावर जे आहे त्याला कुलूप म्हणणं कठीण. ते पिन ओळखत नाही, बोट ओळखत नाही, मोटर फिरवत नाही. याच वेळी फोन आला, ॲप मागे गेलं किंवा फोनने पार्श्वभूमीवरचं काम थांबवलं, तर अपडेट अर्धवट राहतं.

आणि यातली खरी खुबी अशी की नॉर्डिकच्या तयार बूटलोडरमध्ये, मुद्दाम बंदी घातली नसेल तर, हा बदल आपोआप होतो. तो आधी दोन प्रतींना जागा शोधतो. नाही मिळाली तर गुपचूप एकाच जागेवर लिहायला घेतो. ॲपच्या स्क्रीनवर तीच हिरवी पट्टी सरकत असते. पहिल्या वर्षी जे अपडेट निर्धोक होतं ते तिसऱ्या वर्षी त्याच बटणामागे धोक्याचं झालेलं असतं, आणि हे वापरणाऱ्याला कळायचा काहीच मार्ग नसतो. कंपनीतल्या नव्या इंजिनिअरला तरी ठाऊक असेलच याची खात्री मी देणार नाही.

हा फुगवटा सुरक्षेच्या दुरुस्तीने येत नाही. पिन तपासण्याच्या कोडमधली चूक सुधारायला काहीशे बाइट लागतात, फार तर एक-दोन केबी. जागा खातात ती वैशिष्ट्यं: पाहुण्यांसाठी तात्पुरते पिन, चार भाषांतले आवाज, दुसऱ्या कंपनीच्या स्पीकरशी जोडणी, दिवाळीचं ट्यून. समजा पहिल्या वर्षी प्रोग्रॅम १२० केबीचा होता. तीन वर्षं फक्त दुरुस्त्या केल्या असत्या तर तो १२५ झाला असता. वैशिष्ट्यांसकट तो १९० होतो. म्हणजे ज्या मोकळ्या जागेच्या भरवशावर पुढची दुरुस्ती सुखरूप करायची, तीच जागा वैशिष्ट्यांनी खाल्ली. ॲपमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, फोनमध्ये जागा भरपूर असते. म्हणून मी म्हणतो की दुरुस्ती आणि वैशिष्ट्यं वेगळी ठेवण्याची मागणी ही निव्वळ ग्राहकांची तक्रार नाही, तांत्रिक सुरक्षिततेचीच गरज आहे. चार पैसे जास्त मोजून त्याच घराण्यातली १ एमबीची एनआरएफ५२८४० चिप घेतली असती तर ही ओढाताण टळली असती. पण लाखभर नगांच्या ऑर्डरीत चिपमागे वाचवलेले पैसे खरेदी विभागाला लगेच दिसतात. अडकलेलं कुलूप त्यांच्या तक्त्यात येत नाही.

अर्धवट राहिलेलं कुलूप मेलेलं असतं का? बऱ्याचदा नाही. बूटलोडर शाबूत असतो आणि नव्या प्रोग्रॅमची वाट बघत असतो. हे ओळखायची एक सोपी खूण आहे. कुठल्याही ब्लूटूथ स्कॅनर ॲपने दाराजवळ उभं राहून बघा. कुलपाच्या नेहमीच्या नावाऐवजी `DfuTarg` असं नाव दिसलं तर ते नॉर्डिकच्या बूटलोडरमध्ये अडकलेलं आहे. कंपनीने नाव बदललेलं असेल तर वेगळं दिसेल, पण नेहमीचं नाव गायब होऊन अनोळखी नाव आलं तर संशय हाच घ्यायचा. अशा वेळी सेल बदलून, फोन कुलपाला खेटून ठेवून, स्क्रीन चालू ठेवून पुन्हा अपडेट केलं तर बहुतेक वेळा काम होतं. स्कॅनरमध्ये काहीच दिसलं नाही तर आधी सेलच बघायचे. बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायची सोय असेल तर ती वापरून बघायची आणि तोवर साध्या चावीने आत जायचं. ती चावी बऱ्याच घरांत कुलपाच्या खोक्यातच, म्हणजे बंद दाराच्या आत असते, हे वेगळं सांगायला नको.

इथवरचा धोका अपडेट मधेच तुटण्याचा. दुसरा धोका असा की अपडेट अगदी व्यवस्थित पूर्ण होतं आणि तेच चुकीचं असतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ऑगस्ट २०१७ मधलं, अमेरिकेतल्या लॉकस्टेट कंपनीचं. तिची ६आय आणि ७आय अशी दोन मॉडेल्सची वायफाय कुलपं होती. ७आयसाठी बनवलेलं फर्मवेअर ६आयच्या कुलपांना धाडलं गेलं. सुमारे ५०० ग्राहकांची कुलपं त्याने बिघडली. अपडेटनंतर कुलूप कंपनीच्या सर्व्हरशी जोडलंच जाईना, त्यामुळे चूक दुरुस्त करणारं दुसरं अपडेट पाठवायचा रस्ताही बंद झाला. बटणांवरून कोड टाकून दार उघडेना. यातले बरेच ग्राहक एअरबीएनबीवर घर भाड्याने देणारे होते, ज्यांनी पाहुण्याला चावी देण्याची कटकट नको म्हणूनच हे कुलूप घेतलं होतं. कंपनीने दोन पर्याय दिले: कुलपाचा मागचा भाग काढून पाठवा, पाच ते सात दिवसांत दुरुस्त करून देतो; किंवा बदली भाग घ्या, चौदा ते अठरा दिवस लागतील. साधी चावी मात्र चालत होती.

ही गोष्ट ॲपची असती तर? चुकीचं ॲप चुकीच्या फोनवर गेलं असतं तर ते उघडलं नसतं. तासाभरात दुरुस्त आवृत्ती स्टोअरवर आली असती आणि दुसऱ्या दिवशी लोक विसरले असते. इथे दुरुस्तीसाठी स्क्रू काढून पार्सल करावं लागलं. फरक नुसता प्रमाणाचा नाही. ॲपच्या चुकीचा इलाज त्याच वाटेने जातो ज्या वाटेने चूक आली. फर्मवेअरची चूक कधीकधी ती वाटच बंद करते.

अशा चुकीला आळा घालायची साधनं आहेत. नॉर्डिकच्या पद्धतीत अपडेटच्या फाइलबरोबर एक छोटी चिठ्ठी जाते. तिच्यात आवृत्तीचा क्रमांक, फाइलचा हॅश म्हणजे तो पडताळणीचा आकडा, डिजिटल सही आणि हे कुठल्या हार्डवेअरसाठी आहे त्याचा क्रमांक असतो. बूटलोडर स्वतःचा हार्डवेअर क्रमांक त्याच्याशी ताडून बघतो आणि जुळला नाही तर दारातूनच परत पाठवतो. पण हा क्रमांक कंपनीने दर मॉडेलला वेगळा द्यायचा असतो. चिप कंपनीच्या नमुन्यात `--hw-version 52` असं लिहिलेलं असतं. तोच ५२ सगळ्या मॉडेल्सना तसाच ठेवला, तर ही तपासणी असून नसल्यासारखी. आणि सही इथे उपयोगाची नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. फाइल कुणी पाठवली ते सही सांगते. ती कुणासाठी आहे, ते सांगत नाही. स्वतःच्याच कंपनीची, खरीखुरी सही असलेली, दुसऱ्या मॉडेलची फाइल सहीच्या तपासणीत बिनबोभाट पास होते.

दुसरं साधन परत फिरण्याचं. वर सांगितलेली ड्युअल बँक अर्धवट अपडेटपासून वाचवते, पण नवा प्रोग्रॅम जुन्यावर कॉपी झाल्यावर जुना उरत नाही. नवा निकामी निघाला तर मागे जायला काही नसतं. वायफायच्या उपकरणांत लोकप्रिय असलेल्या ईएसपी३२ चिपची पद्धत इथे सरस आहे. तिथे दोन कायमच्या जागा असतात आणि कुठल्या जागेवरून सुरू व्हायचं याची नोंद तिसरीकडे, तीही दोन प्रतींत, म्हणजे नोंद लिहिताना वीज गेली तरी एक प्रत धड राहते. नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तो ‘तपासणी बाकी’ अशा अवस्थेत असतो. त्याने स्वतः चाचणी करून ‘मी ठीक आहे’ असं कळवायचं. न कळवताच चिप पुन्हा सुरू झाली तर बूटलोडर नव्याला बाद करून जुन्याकडे परततो. मात्र ही सोय कंपनीने मुद्दाम चालू करावी लागते आणि चाचणीत काय तपासायचं तेही कंपनीनेच ठरवायचं असतं. ‘सर्व्हरशी पुन्हा जोडलो गेलो’ ही अट त्या चाचणीत असेल, तर लॉकस्टेटसारख्या प्रसंगात कुलूप काही मिनिटांत आपणहून जुन्या प्रोग्रॅमवर येईल. नुसतं ‘सुरू झालो’ एवढंच तपासलं, तर नाही.

परत फिरण्यालाही एक रास्त मर्यादा आहे. जुन्या आवृत्तीत सुरक्षेचं भगदाड असेल तर चोरच कुलपाला मागे नेईल. म्हणून काही उपकरणं मागच्या आवृत्तीकडे जायची वाट चिपमध्ये कायमची बंद करतात. ते योग्यच आहे. पण ज्या अपडेटनंतर परत येता येत नाही, त्याची चाचणी आणि त्याचं सांगणं दोन्ही वेगळ्या दर्जाचं हवं.

आता प्रश्नाची सार्वजनिक बाजू. वस्तू विकल्यावर विकणाऱ्याने तिचं वागणं बदलणं ही कल्पनेतली भीती नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरनी दुसऱ्या कंपन्यांची शाईची काडतुसं एकाएकी नाकारायला सुरुवात केली, आणि कारण फर्मवेअरमध्ये होतं. ओरड झाल्यावर कंपनीने ते काढून टाकणारं वेगळं फर्मवेअर दिलं. प्रिंटर घेताना जे चालत होतं ते नंतर चालेनासं झालं, तेही मालकाने काही न करता. दुकानदाराच्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तो तोडून आतलं काही बदललं तर गुन्हा होतो. घरातल्या कुलपाचं आतलं मात्र कुणालाही न विचारता बदलता येतं आणि त्याला आपण ‘सेवा’ म्हणतो.

यावर कंपन्यांतले माझे मित्र एक उत्तर देतात आणि ते हलक्यात घेण्यासारखं नाही. लोकांना विचारत बसलो तर लोक अपडेट करतच नाहीत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर कारखान्यातल्याच पासवर्डवरून ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर मोठमोठ्या सेवा बंद पाडल्या. ती उपकरणं फारसं कुणी अपडेट करत नव्हतं. अनेकांना अपडेटची सोयच नव्हती. माझ्या शेजाऱ्याने ‘नंतर आठवण करा’ दाबत राहिलं तर त्रास फक्त त्याला होत नाही. तेव्हा अपडेट स्वयंचलित असावं, प्रत्येक वेळी परवानगी हा हट्ट सोडावा, असं त्यांचं म्हणणं.

सुरक्षेच्या दुरुस्तीपुरतं मला ते पूर्ण मान्य आहे. पण या युक्तिवादाच्या पोटात वैशिष्ट्यंही स्वयंचलित घुसवायची, हे मान्य नाही. सुरक्षेच्या नावाने मिळालेली परवानगी दिवाळीच्या ट्यूनला वापरायची नसते. आणि लोक अपडेटला घाबरतात त्याचं एक कारण हेच आहे की मागच्या वेळी ‘सुरक्षा सुधारणा’ म्हणून जे आलं, त्याने मेनू हलवला, बॅटरी खाल्ली किंवा एखादी सोय काढून घेतली. दोन्ही वेगळी केली तर लोकांचा नकारही कमी होईल.

हे अशक्य नाही, याचा पुरावा युरोपने दिला आहे. युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स ॲक्टमध्ये, जिथे तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे सुरक्षेची अपडेट्स वैशिष्ट्यांच्या अपडेटपासून वेगळी द्यावीत, अशी अट आहे. सुरक्षेची अपडेट्स शक्य तिथे मुळातच स्वयंचलित असावीत, पण वापरणाऱ्याला कळवावं आणि तात्पुरती पुढे ढकलता यावीत, असंही त्यात आहे. आधाराचा काळ साधारणपणे किमान पाच वर्षं. मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून उपकरणाला किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील हे आधी जाहीर करणं बंधनकारक आहे.

आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना २०२४ च्या नियमांनी सुरक्षेची चाचणी सक्तीची केली, कारण तिथे राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आला. घरगुती स्मार्ट उपकरणांसाठी दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ मध्ये आचारसंहिता काढली, त्यात अपडेटचाही उल्लेख आहे, पण ती मार्गदर्शक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनासाठी निर्मात्याला जबाबदार धरायची तरतूद आहे. पण दोष विक्रीनंतर तीन वर्षांनी, हवेतून आला तर? वॉरंटी संपलेली, कुलूप घेतलं तेव्हा उत्तम, बिघडवलं निर्मात्याच्याच फाइलने. माझ्या मते याचं उत्तर सरळ असावं: अपडेटमुळे वस्तू बंद पडली तर वॉरंटी संपलेली असो वा नसो, दुरुस्तीचा खर्च आणि दारात येण्याची जबाबदारी निर्मात्याची. अखिल भारतीय ग्राहक पंचायत १९७४ मध्ये याच शहरात सुरू झाली. वजनमापातली लबाडी पुणेकरांना नीट समजते. फर्मवेअरचा प्रश्न त्याच जातीचा आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. सोसायट्यांच्या हातात आजही काही आहे, कारण दोनशे फ्लॅटची सोसायटी म्हणजे दोनशे कुलपांचं एकगठ्ठा गिऱ्हाईक. दोनशे दारांवर एकच मॉडेल असण्याचा तोटा म्हणजे एक चुकीची फाइल दोनशे दारं अडवू शकते. म्हणून अपडेट आलं की आधी कमिटीतल्या दोघा-तिघांनी करावं, तेही सकाळी, घरात माणसं असताना, दार उघडं ठेवून, ताजे सेल घालून, साधी चावी खिशात ठेवून. आठवडाभर काही बिघडलं नाही तर बाकीच्यांनी करावं. कुलपं इंटरनेटशी जोडायला गेटवे लावलेला असेल तर महावितरणने वीज बंदची सूचना दिलेल्या दिवशी अपडेटला हात लावू नये. कुलूप सेलवर चालतं, गेटवे नाही. आणि ग्रुपवर सूचना लिहिताना ॲपच्या आवृत्तीबरोबर कुलपाच्या फर्मवेअरची आवृत्तीही लिहावी. ती ॲपमध्ये ‘डिव्हाइस’ किंवा ‘अबाउट’ खाली वेगळी दिसते. तो आकडा बदलला नसेल तर त्रुटी जिथे होती तिथेच आहे.

बिल्डरकडून ताबा घेताना लेखी मागायच्या गोष्टीही मोजक्याच आहेत. सुरक्षेची अपडेट्स कुठल्या तारखेपर्यंत मिळणार. अपडेट अर्धवट राहिलं तर कुलूप जुन्या प्रोग्रॅमवर उघडतं की नाही. अपडेटने बिघडलं तर दारात कोण येणार आणि किती वेळात. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले बांधकामातले आणि कामाच्या, सेवांच्या दर्जातले दोष बिल्डरने दुरुस्त करून द्यायचे असतात. त्यात बिल्डरने बसवलेल्या कुलपाचं फर्मवेअर येतं का यावर वकील वाद घालतील. म्हणून तो वाद करारातच मिटवलेला बरा.

राहिला प्रश्न कंपनीच बंद पडली तर काय. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ‘सॉफ्टवेअर मारून’ देणारे कसबी लोक आहेत. पण अशा कुलपाची चिप बहुधा वाचण्यापासून कुलूपबंद केलेली असते आणि बूटलोडर सही नसलेली फाइल घेत नाही, त्यामुळे त्यांचेही हात बांधलेले. कंपनीने सहीची गुप्त की उघड करावी अशी मागणी काही जण करतात. ती मला धोक्याची वाटते, कारण मग कुणीही कुठल्याही कुलपासाठी फाइल बनवेल. त्यापेक्षा सोपा मार्ग आहे. शेवटच्या चांगल्या आवृत्तीची फाइल कंपनीने सही करून ठेवलेलीच असते. कंपनी बंद होण्यापूर्वी ती फाइल सगळ्यांना उतरवून घेता येईल अशी खुली ठेवायची. सही आधीच झालेली असल्यामुळे गुप्त की कुणाला द्यावी लागत नाही. वाट बघत बसलेला बूटलोडर, कंपनीने त्यावर वेगळं बंधन घातलं नसेल तर, चिप कंपनीच्या मोफत ॲपमधूनही ती फाइल घेतो. सोसायटीने ती करारातच मागून पेनड्राइव्हवर ठेवावी, साध्या चाव्यांच्या जुडग्याबरोबर, ऑफिसच्या कपाटात.